किरणला पाठवलेला पहिला मेसेज, एक प्रकरण अभ्यास

आमची टीम सात जणांची, सॉफ्टवेअर टेस्टिंगची, अर्धा आठवडा ऑफिसातून आणि अर्धा घरून. एका सोमवारी आठवं कोणीतरी जॉइन होणार होतं, आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी लीड मला म्हणाला की बडी तू आहेस, सोमवारी पहिला मेसेज तूच टाक. बडी म्हणजे नवीन माणसाला पहिले काही आठवडे हाताशी धरणारं टीममधलं कोणीतरी. लीड काम सांगतो आणि बडी बाकी सगळं सांगते, कुठे काय मिळतं, कोणाला विचारायचं, वगैरे.

माझ्याकडे माहिती होती ती एका फॉरवर्ड केलेल्या मेलपुरती. इंटरव्ह्यू दुसऱ्याच मॅनेजरने घेतलेला, त्यामुळे लीडलाही जास्त काही माहीत नव्हतं. मेलमध्ये छोटं प्रोफाईल, म्हणजे नाव, ९ वर्षांचा अनुभव, मागच्या कंपनीतलं ऑटोमेशनचं काम, आणि भाषांमध्ये पहिली मराठी. खरं नाव इथे देत नाही, आपण किरण म्हणू, कारण खरं नावही असंच होतं, मुलाचंही असतं आणि मुलीचंही असतं. फोटो नव्हता. वयाचा अंदाज अनुभवावरून बांधायचा तर माझ्यापेक्षा थोडं मोठंच कोणीतरी, पण तोही अंदाजच.

एका मेसेजवर एवढं लिहायचं कारण त्याच्या दीड वर्ष आधी घडलेलं आहे, ते आधी सांगते. तेव्हा आमच्याकडे एक मुलगा जॉइन झाला, नुकताच शिकून बाहेर पडलेला, आणि त्यालाही पहिला मेसेज मीच टाकला होता. तो असा होता, "हाय! वेलकम टू द टीम! काहीही लागलं तर बिनधास्त सांग." सोबत एक हसरा चेहरा. त्याचा रिप्लाय आला, "थँक यू मॅम." मला वाटलं झालं आपलं काम. नंतर तीन दिवस त्याचा काही मेसेज नाही, मीही रिलीजच्या गडबडीत, आणि चौथ्या दिवशी लीडने विचारलं की याचं काम नोंदवायच्या ट्रॅकरवर काहीच कसं दिसत नाहीये. तेव्हा कळलं की ट्रॅकरचं लॉगिन पहिल्या दिवसापासून चालतच नव्हतं. तो तीन दिवस स्क्रीनसमोर बसून होता, मिळतील ती डॉक्युमेंटं वाचत. मी विचारलं की अरे मला सांगितलं का नाहीस, तर म्हणाला, मॅम तुम्ही बिझी असाल, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला त्रास द्यायचा.

मला ते फार लागलं, कारण मी मनापासून म्हटलं होतं की काहीही लागलं तर सांग. पण त्याच्या जागी बसून बघितलं तर "काहीही" या शब्दात काय काय येतं हे त्याला कसं कळणार? पासवर्ड चालत नाही हे "काहीही"मध्ये बसतं का? की तो प्रश्न सपोर्टवाल्यांचा? की आधी स्वतः दोन तास खटपट करायची असते आणि मगच विचारायचं असतं? हे सगळं ठरवायचं काम मी त्याच्यावर टाकलं होतं, आणि नवीन माणूस ठरवताना नेहमी गप्प राहायच्याच बाजूने ठरवतो, कारण पहिल्याच आठवड्यात याला काही येत नाही असं कोणाला वाटू नये ही भीती असते. तेव्हापासून मी पहिल्या मेसेजकडे एकाच दृष्टीने बघते, की हा मेसेज वाचून समोरच्याला मला पहिला प्रश्न विचारणं सोपं झालं की नाही. स्वागत तर असतंच त्यात, असायलाच हवं, पण प्रश्न आला का आणि किती लवकर आला यावर मी मेसेज चांगला की वाईट ते ठरवते.

तर शुक्रवारी रात्री मी किरणसाठी पहिला ड्राफ्ट लिहिला. तो जसा होता तसाच देते:

"हाय किरण!! आमच्या टीममध्ये तुझं खूप खूप स्वागत! तू आमच्यात आलास हे ऐकून सगळ्यांना भारी वाटलं. मी तुझी बडी. तुझं प्रोफाईल बघितलं, मागच्या कंपनीत तू ऑटोमेशनचं बरंच काम केलंयस, आम्हाला त्याचीच गरज होती! खाली सगळ्या लिंका देते, ट्रॅकर, टेस्ट सर्व्हर, सुट्ट्यांचं शीट, रिलीज कॅलेंडर, जुन्या बगची यादी आणि टीमचं विकी, आधी हे सगळं वाचून घे. रोज सकाळी स्टँडअप असतो. लीड जरा कडक आहे पण मनाने चांगला आहे. काहीही लागलं तर बिनधास्त सांग, लाजू नकोस!"

लिहिताना मस्त वाटलं होतं, मोकळं आणि आपुलकीचं. रविवारी दुपारी परत वाचला, मी किरण आहे असं समजून, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वाक्याशी अडखळले. आणि शेवटी तेच "काहीही लागलं तर"! दीड वर्षापूर्वीचं वाक्य, तसंच्या तसं, हाताला सवयच लागलेली असते.

सगळ्यात आधी "आलास". किरण मुलगी असेल तर पहिल्याच मेसेजमध्ये तिला मी मुलगा करून टाकलं, आणि "आलीस" लिहिलं तर उलटं. मराठीत हा पेच खराच आहे, कारण तू म्हटलं की क्रियापद लगेच पुरुष की बाई ते सांगून मोकळं होतं, आलास-आलीस, करतोस-करतेस. तुम्ही म्हटलं की बरीचशी सुटका होते, तुम्ही आलात, तुम्ही करता, तुम्हाला जमेल, यात काही कळत नाही. पण पूर्ण सुटका तिथेही नाही हे मला लिहिताना कळलं. "तुम्ही मोकळे असाल तर" असं लिहायला गेले आणि थांबले, कारण बाईला "मोकळ्या असाल तर" म्हणावं लागेल. पुढे एका ठिकाणी "एकट्याने झगडू नका" लिहिलं होतं, तेही बाईसाठी "एकटीने" होतं. म्हणजे विशेषणं आली की पुन्हा घोळ. त्यावर उपाय साधा आहे, विशेषण काढून वाक्य वेळेवर किंवा वस्तूवर न्यायचं. "मोकळे असाल तर"च्या ऐवजी "वेळ असेल तर", "एकट्याने झगडू नका"च्या ऐवजी नुसतं "झगडत बसू नका". तिरक्या रेघा मारून आलास/आलीस असं लिहायचाही पर्याय असतो, पण तो फॉर्मवर ठीक आहे, माणसाला लिहिलेल्या मेसेजमध्ये वाचणाऱ्याला लगेच जाणवतं की हिला माझ्याबद्दल काहीच माहीत नाहीये.

मग तू की तुम्ही हा प्रश्न निम्मा तिथेच सुटला, तुम्ही. राहिलेला निम्मा मानाचा. आमच्या टीममध्ये सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात, लीडलासुद्धा, त्यामुळे मला तुम्ही लिहिताना उगाच अंतर पडल्यासारखं वाटत होतं. पण मोठ्या अनुभवाच्या माणसाला अनोळखीने एकदम तू म्हटलं तर काहींना खटकतं, आणि खटकलं तरी पहिल्या दिवशी ते कोण बोलून दाखवणार? तुम्हीवरून तूवर येणं सगळ्यांना आवडतं, तूवरून तुम्हीवर परत जाणं मात्र दोघांनाही अवघड जातं. म्हणून मी सुरुवात तुम्हीने केली आणि दार माझ्या बाजूने उघडं ठेवलं, म्हणजे "मी तुम्हाला तू म्हटलं तर चालेल का" असं विचारलं नाही. कारण त्याला नाही कोण म्हणणार, ते विचारणं म्हणजे जबरदस्तीच झाली थोडी. त्याऐवजी एवढंच लिहिलं की टीममध्ये सगळे मला तू म्हणतात, तुम्हीही म्हणालात तर आवडेल. मला काय म्हणायचं एवढंच मी सांगितलं, किरणला काय म्हणायचं ते किरणनेच ठरवायचं.

ग्रीटिंगचं याच्याशीच जोडलेलं आहे. "हाय किरण" वाईट नाही, पण हायनंतर तुम्ही आलं की थोडं वेडंवाकडं वाटतं. "गुड मॉर्निंग" नको होतं कारण पहिल्या दिवशी मेसेज कधी वाचला जाईल सांगता येत नाही, दुपारी तीनला गुड मॉर्निंग वाचायला विचित्र वाटतं. सर, मॅडम, ताई, दादा हे सगळे पर्याय बाद, कारण माहीतच नाही. नावापुढे जी लावायचं असतं तर लावता आलं असतं, पण आम्ही आपसात मराठी बोलताना ते लावत नाही, ते मला माझ्या तोंडचं वाटत नाही. राहिलं साधं "नमस्कार किरण". दिवसाच्या कुठल्याही वेळी चालतं, लहानाला मोठ्याला चालतं, बाईला पुरुषाला चालतं, आणि तुम्हीच्या आधी शोभतं.

आणि नमस्कार लिहून एंटर दाबायचं नाही. हे मी मुद्दाम सांगते कारण खूप जण तसं करतात, आधी नुसतं "नमस्कार", मग थांबायचं, समोरून "नमस्कार" आला की पुढचं. जुन्या ओळखीत चालतं ते. नवीन माणसाच्या स्क्रीनवर अनोळखी नावाकडून फक्त "नमस्कार" आला की त्याच्या मनात धाकधूक सुरू होते, हे कोण, काय हवंय, आत्ताच उत्तर द्यायचं का, आणि वर "टायपिंग" असं दिसत राहतं. म्हणून ग्रीटिंग आणि पुढचं सगळं एकाच मेसेजमध्ये, आणि मी कोण आहे हे पहिल्याच ओळीत, कारण नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचे थोडेसेच शब्द दिसतात. "नमस्कार किरण, आपल्या नवीन प्रवासासाठी हार्दिक शुभेच्छा" एवढंच दिसलं तर ते कंपनीचं ऑटोमॅटिक मेल वाटेल.

आता "आमच्या". मला वाटतं पूर्ण ड्राफ्टमधली सगळ्यात मोठी चूक ही होती आणि ती माझ्या सगळ्यात उशिरा लक्षात आली. आमच्या टीममध्ये स्वागत, तू आमच्यात आलास, आम्हाला गरज होती, तीन-तीनदा आम्ही. मराठीत आम्ही म्हटलं की ऐकणारा त्यात नसतो, आपण म्हटलं की असतो. म्हणजे मी स्वागत करता करता किरणला तीनदा उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. "आपल्या टीममध्ये स्वागत" म्हटलं की एका शब्दात माणूस आत येतो. "रोज साडेदहाला आपला स्टँडअप असतो" यात किरणला आधीपासूनच धरलेलं आहे, वेगळं "तुम्हीही या" म्हणावंच लागत नाही. इतका मोठा फरक एका शब्दात करायची सोय भाषेनेच दिलेली असताना मी ती वापरली नव्हती याचं मला वाईट वाटलं.

फक्त यात एक खड्डा आहे. आपण हे जास्त मान द्यायलाही वापरतात, "आपण कधी उपलब्ध आहात" वगैरे. त्या अर्थाने आपण आणि सगळे मिळून या अर्थाने आपण, दोन्ही एकाच मेसेजमध्ये आले की वाचणारा गोंधळतो, "आपण उद्या भेटू" आणि "आपण उद्या भेटाल" यात क्रियापद बघून अर्थ लावत बसावं लागतं. म्हणून मी ठरवलं की समोरच्यासाठी फक्त तुम्ही, आणि आपण फक्त सगळ्यांसाठी. आणि जिथे जुनी गोष्ट सांगायची आहे, किरण यायच्या आधीची, तिथे मात्र आम्हीच खरं आहे, तिथे ओढून ताणून आपण करायची गरज नाही.

ड्राफ्टमधल्या बाकी गोष्टी पटापट गेल्या. प्रोफाईलचं वाक्य काढलं. मला ते कौतुक वाटत होतं, पण वाचणाऱ्याला आधी हे दिसतं की हिने मला शोधून बघितलंय, आणि वर "आम्हाला त्याचीच गरज होती" म्हटलं की पहिल्याच दिवशी डोक्यावर अपेक्षेचं ओझं. लीड कडक आहे हे तर काढायलाच हवं होतं. मी प्रेमानेच लिहिलं होतं, पण लिहिलेलं कायम राहतं, आणि नवीन माणसाने अजून लीडला बघितलंही नाही तोवर मी त्याचं मत करून द्यायचं काही कारण नाही. सहा लिंका काढल्या. पहिल्या दिवशी निम्म्या लिंका उघडतच नाहीत, परवानग्या आलेल्या नसतात, आणि प्रत्येक न उघडणारी लिंक म्हणजे नवीन माणसाला वाटणारी एक चूक, माझंच काहीतरी चुकतंय. "लाजू नकोस" पण काढलं. कोणी लाजतंय असं मी का धरून चालले होते?

मग उरलं सगळ्यात अवघड, "काहीही लागलं तर"च्या जागी काय लिहायचं. मी तीन गोष्टी लिहिल्या. एक, एक ठराविक अडचण नाव घेऊन सांगायची, जी बहुतेक येणारच आहे, म्हणजे लॉगिन किंवा पासवर्ड न चालणं. दोन, किती वेळ स्वतः प्रयत्न करायचा ते आकड्यात सांगायचं, १० मिनिटं. हा आकडा मी विचार करून टाकला, कारण "लवकर सांगा" यात लवकर म्हणजे किती हे परत नवीन माणसानेच ठरवायचं, आणि आकडा दिला की विचारणं म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागणं होतं, त्यात कमीपणा वाटत नाही. तीन, हेच माझ्या बाबतीत झालं होतं ते सांगायचं. मी जॉइन झाले तेव्हा टेस्ट सर्व्हरचं लॉगिन दोन दिवस चालत नव्हतं, ही खरी गोष्ट आहे, तीच लिहिली.

शेवटी पाठवलेला मेसेज असा:

"नमस्कार किरण, मी (इथे माझं नाव), टेस्टिंग टीममधून, पहिले काही आठवडे तुमची बडी मी आहे. आपल्या टीममध्ये मनापासून स्वागत!

आजचा दिवस फॉर्म आणि लॉगिनमध्येच जाईल, टीमचं काम आज काहीच नाही, निवांत राहा. उद्या सकाळी १०:३० ला आपला स्टँडअप असतो, म्हणजे १५ मिनिटांचा कॉल, प्रत्येकजण आज काय करणार ते सांगतो. उद्या तुम्ही फक्त नाव सांगितलंत तरी पुरे.

आज ३ ते ४ मध्ये मला वेळ आहे, १५ मिनिटं कॉलवर बोलूया का? आज नाही जमलं तर उद्या दुपारी, काहीच घाई नाही.

आणि एक, कुठलं लॉगिन किंवा पासवर्ड चाललं नाही तर १० मिनिटांच्या वर झगडत बसू नका, लगेच इथे टाका. मी आले तेव्हा माझं टेस्ट सर्व्हरचं लॉगिन दोन दिवस चालत नव्हतं.

टीममध्ये सगळे मला तू म्हणतात, तुम्हीही म्हणालात तर आवडेल."

यात प्रश्न एकच आहे, आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. हे मी जपून केलं. पहिल्या मेसेजमध्ये "तुमच्याबद्दल थोडं सांगा ना" असं विचारलं की समोरच्याला निबंध लिहावा लागतो, किती लिहायचं, काय लिहायचं, आणि त्या विचारात रिप्लाय संध्याकाळपर्यंत लांबतो. लांबलेला रिप्लाय पुढे अजून अवघड होतो.

पाठवायची वेळ पण मी बघितली. सोमवारी सकाळी साडेनऊला टाकायचा मोह होता, पण तेव्हा चॅटचं अकाउंटच चालू झालेलं नव्हतं, नावापुढचा ठिपका राखाडीच. आधी टाकून ठेवला असता तर अकाउंट उघडल्या उघडल्या पन्नास ऑटोमॅटिक सूचनांच्या खाली तो गेला असता. पावणेबाराला ठिपका हिरवा झाला, मी पंचवीस मिनिटं जाऊ दिली आणि १२:१० ला पाठवला. तोवर ग्रुपवर लीडने स्वागताचा मेसेज टाकलेला होता आणि त्याखाली सहा जणांचे वेलकम वेलकम. ते चांगलंच आहे, सगळ्यांना कळतं की कोण आलंय, पण तिथे नवीन माणूस धन्यवादापलीकडे काही लिहू शकत नाही, सगळे बघत असतात. प्रश्न विचारायची जागा खासगी चॅटच.

दुपारी २:५० ला रिप्लाय आला, "नमस्कार, धन्यवाद. ३:३० चालेल." चार शब्द, ना तू ना तुम्ही. मला जरा कोरडं वाटलं खरं सांगायचं तर, पण वेळ दिलेली होती, ते महत्त्वाचं.

साडेतीनला कॉल लागला आणि कळलं की किरण या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आहेत, आवाज शांत, थोड्या थांबून थांबून बोलणाऱ्या. मी "आलास" पाठवलं असतं तर, हा विचार मनात येऊन गेला. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की मेसेज तुम्हीने होता म्हणून बरं वाटलं, सकाळपासून दोन मेल आले त्यात मिस्टर लिहिलंय. त्यानंतर त्यांचा पहिला प्रश्न आला, जो मी मेसेजमध्ये विचारात घेतलाच नव्हता, "ग्रुपवर सगळे लाल यादी लाल यादी म्हणतायत ते काय आहे?" लाल यादी म्हणजे रिलीजच्या आधी बंद झालेच पाहिजेत अशा बगची यादी, आम्ही दिवसातून दहादा म्हणतो, म्हणून मला कळलंच नाही की तो बाहेरच्याला न कळणारा शब्द आहे. स्टँडअपचा अर्थ मी मेसेजमध्ये दिला होता, हा सुटला. पण तो कॉलवर विचारला गेला, पहिल्या चार तासांत, आणि न अडखळता.

चूक मात्र खरी दुसऱ्या दिवशी कळली. मंगळवारी १०:३० ला आम्ही सगळे स्टँडअपच्या कॉलवर, किरण नाहीत. मी वाट बघतेय, लीड विचारतोय. १०:३३ ला माझ्या चॅटवर मेसेज, "मला कॉलची लिंक कुठे दिसत नाहीये, कॅलेंडर रिकामं आहे. १० मिनिटं व्हायची वाट बघितली नाही." मी जाऊन बघितलं तर स्टँडअपच्या इन्व्हाईटमध्ये त्यांचं नाव कोणी घातलेलंच नव्हतं. लीडला वाटलं मी घालेन, मला वाटलं लीड घालेल. म्हणजे मी मेसेजमध्ये ठणकावून लिहिलं की उद्या १०:३० ला आपला स्टँडअप असतो, आणि त्या "आपला"मध्ये किरण प्रत्यक्षात नव्हत्याच. शब्दाने आत घेतलं आणि कॅलेंडरने बाहेर ठेवलं. मी लगेच लिंक पाठवली, त्या १०:३५ ला आल्या, नाव सांगितलं, झालं.

हे टाळणं अगदी सोपं होतं. पाठवायच्या आधी मेसेजमधली प्रत्येक खरीखुरी गोष्ट, म्हणजे वेळ, कॉल, लिंक, ती समोरच्याच्या बाजूने चालते का हे एकदा बघायचं, इन्व्हाईटची यादी उघडून नाव आहे का बघायला मला अर्धा मिनिट लागला असता. मी भाषेवर दोन दिवस घालवले आणि हे अर्धं मिनिट घालवलं नाही. आता मी मेसेज लिहिला की आधी इन्व्हाईट बघते, मग पाठवते.

पण त्या मेसेजची वेळ बघा, १०:३३. कॉल सुरू होऊन तीन मिनिटं. दीड वर्षापूर्वीच्या त्या मुलाला याच प्रकारच्या अडचणीसाठी तीन दिवस लागले होते. दोघं वेगळी माणसं, तो अगदी नवखा आणि या ९ वर्षं नोकरी केलेल्या, त्यामुळे सगळं श्रेय मेसेजला देता येणार नाही, अनुभवी माणूस तसाही लवकर विचारतो. तरी "१० मिनिटं व्हायची वाट बघितली नाही" हे वाक्य माझ्याच मेसेजमधून परत आलेलं होतं, म्हणजे तो आकडा त्यांच्या लक्षात राहिला होता आणि वापरलाही गेला.

त्या आठवड्यात अजून दोनदा त्यांनी विचारलं, एकदा टेस्ट सर्व्हरच्या पासवर्डचं आणि एकदा सुट्टीचा अर्ज कोणाकडे जातो याचं, दोन्ही वेळा तुम्हीनेच. मीही तुम्हीच म्हणत राहिले, घाई केली नाही. पुढच्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास चॅटवर मेसेज आला, "अगं, लाल यादीत दोन बग परत उघडलेत, तू बघितलंस का?"